खो-खो संघासाठी घुमणारं नाव: गर्जना, डरकाळी की वाघोबा?

खडूफळा
आमच्या गावच्या शाळेचे मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही खो-खो संघ यंदा तालुक्याला जाणार आहेत. दोघांना मिळून एकच नाव हवं आहे. मैदानाबाहेर बसलेल्या पहिली-दुसरीच्या पोरांनाही ते एका दमात ओरडता आलं पाहिजे. गर्जना, डरकाळी आणि वाघोबा अशी तीन नावं पुढे आली आहेत. अर्थाने आणि उच्चाराने कोणतं बसेल?

मधली सुट्टी
गर्जना सिंहाची, डरकाळी वाघाची, हे शाळेत पाठ केलंय. आपल्याकडे वाघ, तेव्हा गर्जना बाद.

जुना खांब
डरकाळीचं बरोबर आहे, पण गर्जना एकट्या सिंहाची नाही. ढग गर्जतात, समुद्र गर्जतो, सभेत माणसंही गर्जतात. शब्द भारदस्त आहे, पण तो ऐकून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. डरकाळी म्हटलं की वाघ दिसतो. शिवाय गर्जना आपण करतो आणि डरकाळी फोडतो. एकाने 'फोडा रे फोडा' म्हटलं की बाकीच्यांनी 'डरकाळी!' म्हणायचं. घोषणा शब्दातच तयार आहे.

उंबरठा
संघाच्या नावात 'खो' असायला हवा, असं विचारताय का? मग मला पटत नाही. कामात खो घालणं म्हणजे मोडता घालणं. असं नाव कशाला?

खडूफळा
नाही हो, नावात खो हवा असं नाही. नाव फक्त घुमलं पाहिजे.

जुना खांब
उंबरठा यांनी चुकून कामाचा मुद्दा काढला. नावात 'खो' नकोच, पण अर्थामुळे नव्हे, कानामुळे. पाटीवर आठ जण आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि खो पाठीमागून मिळतो. हाताचा स्पर्श आणि 'खो' हा आवाज एकदम आला पाहिजे, त्याआधी उठलं की फाऊल. लहान पोरं स्पर्शाची वाट बघत नाहीत, आवाजावर उठतात. आता 'वाघोबा' पन्नास पोरांच्या तोंडून लांबून ऐका. वा आणि बा हवेत विरतात, मधला 'घो' तेवढा कानावर आदळतो. तो 'खो' वाटायला कितीसा वेळ लागतो?

झाडाखालची शाळा
आमच्या मुलींचं नाव आम्ही 'वावटळ' ठेवलं होतं. अर्थाने इतकं शोभायचं! खांबाला वळसा घालून सुटणारी मुलगी वावटळीसारखीच दिसते. पण शेवटचा 'ळ' लांबवता येईना. पोरी 'वावटऽऽ' म्हणून थांबायच्या, दुसऱ्या सामन्याला त्याचं 'वावट्या' झालं, आणि समोरच्या शाळेने तेच उचललं. मुली फार हिरमुसल्या. नावाच्या शेवटी लांब स्वर हवा, एवढं मी तेव्हा शिकले.

मधली सुट्टी
मग 'छावा' घ्या. दोनच अक्षरं, शेवटी आ.

झाडाखालची शाळा
मुलींचा संघ जिंकला तर 'छावा जिंकला' म्हणायचं? मुलींना ते आपलं वाटणार नाही. 'डरकाळी जिंकली' दोघांनाही चालतं, कारण ती आवाजाची गोष्ट आहे, नर-मादीची नाही.

जुना खांब
स्वराबद्दल ताईंचं म्हणणं खरं. 'गणपती बाप्पा'ला उत्तर येतं 'मोरया': मो, र, या. तीन ठोके, शेवटी उघडा 'आ'. गर्जनेचा साचा हुबेहूब तोच आहे, गर्, ज, ना. त्यामुळे निव्वळ घुमण्यात ती डरकाळीला मागे टाकेल. अडचण 'र्ज'ची. घाईत लहान पोरांचा रफार गळतो आणि 'गजना' उरतं. डरकाळीत जोडाक्षर नाही, पण शेवटी 'ई' आहे आणि ती 'आ'इतकी लांब जात नाही. त्या आधीचा 'का' मात्र दणकून निघतो. मी ताण तिथे देईन: डर-काऽऽ-ळी.

खडूफळा
काल खेळाच्या तासाला करून पाहिलं. आठ जण पाटीवर, बाकी वर्ग रेषेबाहेर घोषणा देत. 'वाघोबा'ला पाचवीतले दोघे खो मिळायच्या आधीच उठले. नंतर विचारलं तर दोघेही शपथेवर सांगत होते की खो ऐकू आला. 'डरकाळी' आणि 'गर्जना'ला कुणी हललं नाही. वाघोबा आता नको. वाईट वाटतं, कारण पोरांचं सगळ्यात लाडकं नाव तेच होतं.

जुना खांब
विठोबा-खंडोबासारखा तो 'ओबा' लागला की वाघही घरचा होतो, म्हणून लाडकं. ते नाव कपड्यावर काढा, तोंडी घेऊ नका. आणि एक सांगतो: आपला संघ पळत असताना मनसोक्त ओरडू द्या. आपण मारायला असू तेव्हा घोषणा गडी बाद झाल्यावरच. मग नाव कुठलंही असो, पाटीवरच्यांना आपला खो ऐकू येईल.

उंबरठा
पण डरकाळीतला 'ळ' पहिलीच्या पोरांना जमतो का? आमच्याकडची 'डरकाली' म्हणतात.

खडूफळा
आमच्याकडे चार-पाच जण म्हणतात. पन्नासांच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. उद्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून दोन्ही नावं पुन्हा ऐकते.