पंधरा हजारांवरचं ऑटो-पेमेंट: दर वेळी नवी मंजुरी कशाला?

वहीखातं: आमच्या लहानशा ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं बिल दर महिन्याला क्रेडिट कार्डावरून आपोआप जायचं. माणसामागे १,०७५ रुपये, वर जीएसटी. गेल्या महिन्यात बारावा माणूस आला, बिल १५,२२२ झालं आणि पैसे गेलेच नाहीत. कंपनीच्या पानावर एवढंच दिसतं की पेमेंट झालं नाही, दुसरं कार्ड वापरा. बँकेच्या ॲपमध्ये व्यवहार नाकारल्याची नोंदही नाही आणि कार्डाची मर्यादा भरपूर शिल्लक आहे. पंधरा हजारांच्या वर गेलं की दर वेळी परवानगी लागते असं आता कळलं. माझं स्पष्ट मत: हा नियम काढून टाकावा. कार्ड माझं, परवानगी मी एकदा दिलेली आहे. इतरांना काय वाटतं?

कोकणकडा: नियम आहे तो योग्यच आहे. २०२१ च्या आधीचे दिवस आठवा. फुकट महिन्याच्या नावाखाली कार्ड नंबर घ्यायचे आणि नंतर वर्षाचे पैसे कापायचे. बंद करायला जावं तर बटण सापडायचं नाही. रिझर्व्ह बँकेने पंधरा हजारांच्या वरची आपोआप वसुली बंदच केली आहे, त्यामुळे बँक अशी मागणी परत पाठवते. उपाय सोपा आहे. कार्ड काढून टाकायचं, पुन्हा जोडायचं, ओटीपी टाकायचा. पैसे जातात.

तपशीलवार: कार्ड व्यवहारांच्या तक्रारी सोडवणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकणकडा, वसुली बंद केलेली नाही. पंधरा हजारांच्या आत आणि वर, दोन्हीकडे सुरुवात एकसारखीच होते. विक्रेता बँकेला कळवतो की अमुक तारखेला अमुक रक्कम घ्यायची आहे. बँकेने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं असतं: कोण घेतंय, किती, कधी, कशासाठी आणि मॅन्डेटचा, म्हणजे तुम्ही एकदा दिलेल्या परवानगीचा, क्रमांक काय. फरक पडतो तो यानंतर. रक्कम मर्यादेच्या आत असेल तर तुम्ही काहीच केलं नाही तरी पैसे जातात. नको असेल तर रद्द करायला तुम्हाला हालचाल करावी लागते. रक्कम मर्यादेच्या वर असेल तर तुम्ही काहीच केलं नाही की पैसे जात नाहीत, हवे असतील तर जाऊन ओटीपीने मंजुरी द्यावी लागते. म्हणजे आत असताना गप्प बसणं हा होकार, वर गेल्यावर तेच गप्प बसणं हा नकार. आणि दोन्ही एसएमएस दिसायला जवळपास सारखे! अकरा जण होते तोवर वहीखातं यांना दर महिन्याला एक एसएमएस येत असणार आणि तो न वाचताही सगळं सुरळीत चालत असणार. बाराव्या माणसाबरोबर त्याच एसएमएसचा अर्थ उलटा झाला.

आकडे बघा. अकरा माणसांचे ११,८२५, जीएसटी धरून १३,९५३.५०. बारा माणसांचे १२,९००, त्यावर १८ टक्के म्हणजे २,३२२, एकूण १५,२२२. मर्यादा करासकट रकमेला लागते. किंमतपत्रकावर १२,९०० वाचणाऱ्याला आपण रेषा ओलांडतोय हे सुचणारच नाही. करपूर्व रक्कम साधारण १२,७११ च्या पुढे गेली की रेषा ओलांडली.

ॲपमध्ये नोंद का नाही? मंजुरी न मिळाल्यामुळे प्रकरण बहुतेकदा कार्डाच्या खात्यापर्यंत पोचतच नाही. तुमचं कार्ड तपासून नाकारलं असं घडलेलंच नसतं, मग नाकारल्याची नोंद कुठून येणार? विक्रेत्याकडे मात्र काहीतरी उत्तर जावंच लागतं. ते अनेकदा 'डू नॉट ऑनर' सारखं मोघम जातं, आणि तो त्याचं भाषांतर 'दुसरं कार्ड वापरा' असं करतो. कार्डात काहीही बिघाड नसताना माणूस कार्ड बदलत बसतो.

कार्ड काढून जोडण्याबद्दल: पैसे जातात हे खरं, कारण तो नव्या मॅन्डेटचा पहिला व्यवहार असतो आणि त्यात ओटीपी असतोच. पण पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा उभा. शिवाय विक्रेत्याने जुनं मॅन्डेट आपणहून रद्द केलं नसेल तर ते बँकेच्या यादीत चालूच राहतं. ती यादी उघडून बघा.

आजोळ: मग माझ्या गृहकर्जाचा २७ हजारांचा हप्ता दर महिन्याला बिनबोभाट कसा जातो? मी कधीच ओटीपी दिलेला नाही. आणि एकदा खात्यात पैसे कमी होते तेव्हा लगेच दंड लागला, एसएमएस आला, पासबुकातही नोंद झाली. तुम्ही सांगता तसं काही दिसलं नाही.

तपशीलवार: तुमचा हप्ता बहुधा नॅचवरून थेट बचत खात्यातून जातो. तो मार्ग वेगळा आहे, ही मर्यादा त्याला लागत नाही. तिथे मागणी खात्यावर येऊन आपटते, म्हणून खूण राहते आणि दंडही लागतो. इथे चाललंय ते कार्डाचं. यूपीआय ऑटोपेलाही अशीच मर्यादा आहे.

कार्डावरही सगळ्यांना पंधरा हजार नाहीत. म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल या तिघांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती एक लाख केली. सॉफ्टवेअर त्यात बसत नाही.

शिकवणी_ताई: मी विक्रेत्याच्या बाजूने बोलते. माझा ऑनलाइन वर्ग आहे, वर्षाची फी १५,००० आणि कर धरून १७,७००. नूतनीकरणाच्या दिवशी निम्म्याहून जास्त पेमेंट अडकतात. यातले बहुतेक जण शिकणं थांबवणारे नसतात. त्यांनी एसएमएस वाचलेला नसतो, किंवा अनोळखी दुव्यावर बोट ठेवायला ते घाबरतात, आणि ते घाबरणंही बरोबरच आहे! फसवणुकीचे इतके एसएमएस येत असताना बँकच दुवा पाठवते आणि त्यावर ओटीपी टाका म्हणते. मग मी एकेकाला फोन करते.

ही मर्यादा काही दगडावरची रेघ नाही. २०१९ मध्ये २,००० होती, २०२१ च्या सुरुवातीला ५,००० झाली, जून २०२२ मध्ये १५,०००. विम्याला एक लाख चालतात तर शिक्षणाला का नाहीत? मला नियम नको असं नाही, आकडा वाढायला हवा.

कोकणकडा: ताई, तुमचा वर्ग प्रामाणिक आहे म्हणून तुम्हाला हे वाटतं. पण वर्षातून एकदा जाणारी मोठी रक्कम हीच तर माणूस विसरतो. महिन्याचे तीनशे रुपये खटकतात, बंद करतो. वर्षाचे १७ हजार गेल्यावर कळतं की ते आपण वापरतच नव्हतो. विसरलेला विद्यार्थी तुम्हाला फी देणं लागतो का? माझ्या मते नाही. त्या दिवशी त्याला विचारलंच पाहिजे.

शिकवणी_ताई: विचारा ना. पण उत्तर न मिळणं आणि नकार मिळणं यात फरक करा. माझ्या पडद्यावर दोन्हींना 'फेल' एवढंच लिहून येतं. ज्याने खरंच नको म्हटलं त्यालाही मी फोन करते, आणि ज्याला एसएमएस पोचलाच नाही त्याचा वर्ग बंद होतो. दोघांवरही अन्याय.

डॉलरबिल: आमचं बिल डॉलरमध्ये येतं, योजना तीच, माणसं तेवढीच. तरी एका महिन्यात जातं, पुढच्या महिन्यात अडकतं. याचंही कारण हेच का?

तपशीलवार: रक्कम रुपयांत पंधरा हजारांच्या आसपास असेल तर हो, शक्यता मोठी आहे. मर्यादा रुपयांत बघतात, त्यामुळे दर थोडा हलला तरी बाजू बदलते. पण मॅन्डेटवरची कमाल रक्कमही तपासा. बदलत्या रकमेचं मॅन्डेट करताना एक वरची सीमा ठरलेली असते, ती १२,००० असेल तर १३,००० चं बिलही अडकेल.

वहीखातं: तपशीलवार, तुम्ही म्हणालात म्हणून शोधलं. एसएमएस आला होता, पण भागीदाराच्या नंबरवर, कारण कार्ड त्यांच्या नावावर आहे. त्यांनी तो नेहमीचाच समजून सोडून दिला. नंतर दुवा उघडला तर मुदत संपलेली होती. कंपनीने मात्र पुढच्या काही दिवसांत पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याचे ईमेल मला आले आहेत. त्यातल्या एकाही प्रयत्नाने काम कसं झालं नाही?

तपशीलवार: विक्रेत्यांच्या यंत्रणेत पुनर्प्रयत्न ठरलेले असतात. कार्डात शिल्लक नसेल तर ते उपयोगी पडतात, दोन दिवसांनी पैसे येतात आणि व्यवहार होतो. इथे प्रत्येक नव्या प्रयत्नाला नवी पूर्वसूचना आणि नवी मंजुरी लागते. भागीदारांना तेवढे एसएमएस आले का ते विचारा, यावरूनच दोष कुठे आहे ते कळतं. एसएमएस आला आणि मंजुरी दिली नाही, तर अडचण आपल्या टोकाला. मंजुरी दिल्यावरही पैसे गेले नाहीत, तर शिल्लक किंवा कार्डावरची ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा बघा. एसएमएसच आला नाही आणि मोबाइल नंबर बरोबर आहे, तर मागणी बहुधा बँकेपर्यंत पोचलीच नाही. मग बँकेशी भांडून उपयोग नाही, विक्रेत्याला विचारा.

वहीखातं: पहिल्या प्रयत्नाला आला, नंतरच्यांना नाही असं ते म्हणतात.

तपशीलवार: मग नंतरचे प्रयत्न पूर्वसूचनेशिवाय थेट टाकले असावेत. ते कधीच मंजूर होणार नव्हते. बिलावरचा क्रमांक देऊन त्यांना विचारा की प्रत्येक प्रयत्नाआधी बँकेला सूचना पाठवली होती का.

वहीखातं: विचारतो. तरी माझं मत बदललेलं नाही. माझ्यासारखा धंदा करणारा स्वतःची मर्यादा स्वतः का ठरवू शकत नाही? मॅन्डेट करतानाच मी लिहून देतो की २५,००० पर्यंत विचारू नका. जबाबदारी माझी.

कोकणकडा: ते लिहून देताना विक्रेता पडद्यावर आधीच २५,००० भरून ठेवेल आणि लोक 'पुढे' दाबतील. मग पुन्हा २०२१ च्या आधीचीच गत.

शिकवणी_ताई: मग ती रक्कम बँकेच्या ॲपमध्ये जाऊन भरायला लावा, विक्रेत्याच्या पानावर नको. तेवढं केलं तर कोकणकडा, तुमची हरकत उरते का?

कोकणकडा: कमी होते. पण घरातल्या वयस्कर माणसाला फोनवरून कोणी तेही करायला लावू शकतं. मला अजून पटत नाही.

आजोळ: मी विम्याचा हप्ता कार्डावर लावला आहे, ४२ हजारांचा. त्याला मंजुरी लागणार नाही ना?

तपशीलवार: विमा कंपनीने तो विमा हप्ता म्हणूनच नोंदवला असेल तर एक लाखाची मर्यादा लागते, मंजुरी लागू नये. पूर्वसूचनेचा एसएमएस मात्र येईल. त्यात मंजुरी मागितली आहे की फक्त कळवलं आहे, तेवढं नीट वाचा. मंजुरी मागितली असेल तर मुदतीच्या आत द्या, नाहीतर पॉलिसीचा हप्ता राहील.

वहीखातं: सध्यापुरतं आम्ही बाराव्या माणसासाठी ऑटो-पेमेंट बंद न करता, सूचना येणारा नंबर आणि ईमेल ऑफिसचा करून घेतोय. कंपनीकडून उत्तर आलं की इथे टाकतो.