18 ते 60 वयाच्या रकान्याला चार आकडे पुरतात का?

कुपवाडकर
पतसंस्थेच्या कर्ज अर्जाचं टेस्टिंग करतोय. वयाचा रकाना, 18 ते 60. 17, 18, 60, 61 एवढे चार आकडे टाकले की काम संपलं. आमचे सीनिअर मात्र 5 टाक, 35 टाक, 200 टाक म्हणून मागे लागतात. पाचवा आकडा टाकणाऱ्याला बाउंड्री व्हॅल्यू कळलेलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कऱ्हाडची_टेस्टर
शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे चार आकडे चुकीचे नाहीत. प्रोग्रामर चुकतो तो बहुतेक वेळा काठावर. `>= 18` च्या जागी `> 18` लिहिलं गेलं, तर 17 नाकारलं जातं, 19 घेतलं जातं, 35 पण घेतलं जातं. सगळं सुरळीत दिसतं आणि फक्त 18 पूर्ण झालेला पोरगा बाहेर राहतो. ही चूक 18 टाकल्याशिवाय सापडत नाही. तसंच `<= 60` च्या जागी `<= 61` पडलं तर ते फक्त 61 सांगतो. म्हणून काठाचा आकडा आणि त्याला लागून पलीकडचा. इथवर तुमचं बरोबर.

आता आमच्याकडे घडलेलं सांगते. एका अर्जात 61 स्वीकारलं जात होतं, तशी तक्रार नोंदवली. दुरुस्ती करणाऱ्याने मर्यादेची मूळ अट उघडूनही पाहिली नाही. `age == 61` असेल तर नाकारा, एवढी एक ओळ खाली जोडली. पुन्हा 17, 18, 60, 61 टाकले, चारही पास. अर्ज चालू झाला आणि 62, 65, 70 बिनदिक्कत आत. पाचवा आकडा 62 टाकला असता तर त्याच दुपारी सापडलं असतं.

म्हणून काठाच्या प्रत्येक आकड्याचे दोन्ही शेजारी घ्यायचे. 17 चे शेजारी 16 आणि 18, 18 चे 17 आणि 19. वरच्या बाजूलाही तसंच. पुनरुक्ती काढली की 16, 17, 18, 19 आणि 59, 60, 61, 62 उरतात. आठ आकडे. टाकायला असा किती वेळ लागतो?

कुपवाडकर
असा प्रोग्रामर ठेवलाच कशाला? कोड रिव्ह्यूत पकडायची गोष्ट टेस्टिंगच्या गळ्यात मारताय. आणि आठ म्हणा नाहीतर चार, माझा मुद्दा तोच राहतो. 5 आणि 200 कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. 17 नाकारलं तर 5 आपोआप नाकारलं जाणार.

वाईचा_बॅकएंडवाला
"आपोआप" या शब्दावरच माझा आक्षेप आहे. ही अट बघा. `vay` हा रकान्यातून जसाच्या तसा आलेला मजकूर आहे, त्याचा आकडा केलेला नाही.

```
if (vay >= "18" && vay <= "60") accept();
```

जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही बाजूंना मजकूर असला की तुलना अक्षराअक्षराने, डावीकडून होते. 17 चं पहिलं अक्षर 18 सारखंच, दुसऱ्या अक्षरात 7 लहान, म्हणून नाकारलं. 61 असंच वरच्या बाजूला नाकारलं. कऱ्हाडच्या ताईंचे आठही आकडे टाकून बघा, सगळे बरोबर उत्तर देतात, कारण सगळे दोन अंकी आहेत. आता 5 टाका. 5 हे अक्षर 1 पेक्षा मोठं आणि 6 पेक्षा लहान, म्हणजे अर्ज मंजूर. 2 ते 6 वयाची पाचही पोरं कर्जाला पात्र! 200 पण पात्र, कारण 2 हे अक्षर 1 आणि 6 च्या मधलं.

यातली खरी खोच अशी की अंकांची संख्या बदलते तिथे काठ धरून 9, 10, 99, 100 टाकलंत तरी काही सापडत नाही. 9 आणि 99 ही 60 च्या पुढची ठरतात, 10 आणि 100 ही 18 च्या अलीकडची. चारही नाकारली जातात, आणि नाकारलीच जायला हवीत. काठ बघण्याची सगळी पद्धत आकडे ओळीने उभे आहेत असं धरून चालते. इथे ओळच मोडलेली आहे, त्यामुळे काठावर उभं राहून काही दिसत नाही. तुमच्या सीनिअरनी 5 आणि 200 सांगितलं ते अनुभवातून सांगितलं असणार.

तासगावकर
तुमचं आकड्यांचं चालू द्या, पण 60 ची मर्यादा नक्की कुठवर हे कोण सांगणार? माझ्या वडिलांचा अर्ज याच कारणानं परत आला. साठावा वाढदिवस होऊन दोन महिने झालेले. अर्जावर छापलेलं "वय 18 ते 60", आणि खिडकीवरचा म्हणतो 60 झाली, आता नाही. त्यात जन्मतारीख 1 जून. आजी सांगायची, जन्म सुगीतला. मास्तरांनी शाळेत नाव घालताना 1 जून लिहून टाकलं.

मिरजेची_लेक
1 जून म्हटल्यावर आमच्या घरातले तिघं उभे राहतील. आत्या, मामा आणि आप्पा, तिघांचा जन्म 1 जूनचा.

सातारारोड
त्याचा नोकरीतही फटका बसतो. सरकारी नियमानं महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून आपल्याकडे 31 मे ला निरोप समारंभांची रांग लागते. आमच्या काकांची खरी तारीख ऑगस्टमधली. मास्तरांच्या एका ओळीनं तीन महिन्यांचा पगार गेला.

मिरजेची_लेक
मास्तरांना दोष देऊ नका. घरच्यांनाच तारीख ठाऊक नसायची, आणि पोराला शाळेत घ्यायचं तर काहीतरी लिहावं लागणारच. त्यांनी लिहिलं म्हणून पोरं शिकली.

सातारारोड
शिकली हे खरं. पण पगार गेला तो काकांचा, तुमचा नाही.

कुपवाडकर
मी टेस्टिंगचं विचारलंय. 1 जूनसाठी दुसरा धागा काढा. प्रत्येक ठिकाणी घरचं गाऱ्हाणं आणायलाच पाहिजे का?

कऱ्हाडची_टेस्टर
रागावू नका, तासगावकरांनी तुमच्याच अर्जातलं भोक दाखवलंय. तुमचा अर्ज वय टाइप करून घेतो की जन्मतारखेवरून काढतो? तारखेवरून काढत असेल तर 17, 18, 60, 61 टाकायला जागाच नाही, तारखाच निवडाव्या लागतील. समजा अर्जाचा दिवस 10 जून 2025. 10 जून 2007 चा जन्म आज 18 पूर्ण, तो आत. 11 जून 2007 चा उद्या होईल, तो बाहेर. खालच्या काठाला वाद नाही, 1875 च्या सज्ञानतेच्या कायद्यात अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडला की माणूस सज्ञान.

वरच्या काठाला दोन अर्थ निघतात. 61 वा वाढदिवस येईपर्यंत वय 60 च धरायचं, तर 11 जून 1964 चा माणूस शेवटचा आत आणि 10 जून 1964 चा पहिला बाहेर. साठावा वाढदिवस हाच शेवटचा दिवस धरायचा, तर 10 जून 1965 चा आत आणि 9 जूनचा बाहेर. मधे जवळजवळ पूर्ण वर्षाची माणसं लटकतात. तासगावकरांचे वडील त्यातलेच. आकडे कितीही नीट निवडा, काठ कुठे आहे हे संस्थेनं लेखी दिल्याशिवाय तुमचा टेस्ट पास की नापास हेच ठरत नाही.

कुपवाडकर
वय टाइप करूनच घेतो. 62 मान्य. 5 आणि 200 पण टाकतो, त्या मजकुराच्या तुलनेसाठी. 35 टाकणार नाही, त्यानं कुठली चूक सापडते ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

वाईचा_बॅकएंडवाला
कुणीतरी `&&` च्या जागी स्वीकारायच्या आकड्यांची यादी लिहिली आणि मधला एखादा गाळला तर?

कुपवाडकर
मग गाळलेला 35 च असेल कशावरून? 43 असला तर? त्या हिशेबानं सगळे त्रेचाळीस आकडे टाकावे लागतील.

वाईचा_बॅकएंडवाला
टाका की. स्क्रिप्टला त्रेचाळीस आकडे म्हणजे सेकंदाचं काम.

तासगावकर
आणि आमच्या 60 चं काय ठरलं? संस्थेला लेखी विचारायचं तर अर्ज कुणाच्या नावानं करायचा तेवढं सांगा.