मदत हवी आहे: माकुल, कटलफिश आणि ऑक्टोपस एकाच रश्श्यात रबरासारखे झालेत

मीरा_हिंडलगा
नमस्कार मंडळी. भाऊजी वेंगुर्ल्याहून आंबोलीमार्गे येताना बर्फात घालून तीन प्रकार घेऊन आले. लांबट नळीसारखी माकुलं, त्याहून रुंद आणि जाड कटलफिश (कोळीण दोन्हींना माकुलच म्हणत होती म्हणे), आणि साधारण पाऊण किलोचा एक ऑक्टोपस. आमच्या घरी मटणाचा हात सगळ्यांना आहे, पण मासळी म्हणजे बांगडा नि सुरमई, त्यापुढे कधी गेलो नाही. साफ करून तुकडे केले, कांदा-खोबऱ्याचं वाटण परतलं आणि तिन्ही एकत्र टाकून वीस-पंचवीस मिनिटं शिजवलं. रस्सा सुरेख झालाय, पण तुकडे चावता चावत नाहीत. सासूबाईंनी तर नुसता रस्साच भाताबरोबर खाल्ला. उरलेलं पातेलं कालपासून फ्रिजमध्ये आहे. एवढी महागाची मासळी टाकवत नाही. आता काही करता येईल का? आणि पुढच्या वेळी तिघांना वेगवेगळी आच द्यायची का?

चंदगडी_पाव्हणा
ताई, समुद्रातल्या वस्तूला दोन मिनिटांवर आच दाखवायचीच नाही. वीस मिनिटं म्हणजे फारच झालं. एकदा कडक झालं की परत मऊ होत नाही, ते आता मांजराला घाला. पुढच्या वेळी तिन्ही दोन मिनिटांत उतरवा.

कारवारी_खानावळ
टाकू नका! पाव्हण्यांचं माकुलापुरतं बरोबर आहे, पण ऑक्टोपस दोन मिनिटांत उतरवलात तर दात दुखतील. मी मूळचा सदाशिवगडचा, टिळकवाडीत बरीच वर्षं खानावळ चालवली. हे तिन्ही रोजच्या हातातले.

बांगड्याच्या मांसात जोडणारे धागे थोडे नि नाजूक असतात, म्हणून तो लगेच सुटतो. माकुलाचं अंग म्हणजे अतिशय बारीक स्नायूंचे थर, एक आडवा तर दुसरा उभा, आणि त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन माशाच्या तिपटी-चौपटीचं. आत 60 अंशांच्या आसपास उष्णता पोचली की हे कोलॅजन आकसतं, तुकडा वळतो आणि आतलं पाणी पिळून बाहेर येतं. तुम्हाला लागलेलं रबर ते हेच. पण आच मंद ठेवून पुढे शिजवत राहिलात की तेच कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. मटणाच्या पायाचा रस्सा बोटांना चिकटतो ना, ते तेच. म्हणजे तुमचं शिजणं जास्त झालेलं नाही, नेमकं अर्ध्यावर थांबलंय.

पातेलं परत चढवा, पेलाभर गरम पाणी घाला, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर राहू द्या. माकुल अर्ध्या तासात यावं, कटलफिश जाड म्हणून थोडी मागे राहील. ऑक्टोपसचे तुकडे वेगळे काढून थोड्या रश्श्यात कुकरला लावा. एक शिट्टी झाली की आच बारीक करून पंधरा मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. घड्याळापेक्षा सुरीवर विश्वास ठेवा: टोक सगळ्यात जाड भागात विनासायास गेलं की झालं.

अनगोळचा_विनय
बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे. इथे पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून कोकणातल्या वेळा इथे लागू पडत नाहीत. माझ्या मते खरं कारण हे आहे.

कारवारी_खानावळ
विनय, फरक आहे, पण दोन-अडीच अंशांचा. त्याने मंद शिजण्याला थोडा वेळ जास्त लागेल इतकंच. कोलॅजन आकसतं ते त्याच्या कितीतरी आधी, त्यामुळे रबर कारवारलाही होतं नि बेळगावातही.

राधाक्का_निपाणी
आमच्या पोपटाला पिंजऱ्यात लावायला समुद्रफेन हवं होतं. ते ह्यातल्याच कोणाचं तरी असतं ना? मीराताई, साफ करताना पांढरा खडूसारखा तुकडा निघाला असेल तर फेकू नका. माझ्या पोपटाची चोच वाढून वाकडी होत आलीय.

कारवारी_खानावळ
होय, ते कटलफिशच्या पाठीतलं. धुऊन, उकळून, चांगलं वाळवून मगच लावा. आणि चोच खरंच वाकडी होत असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना आधी दाखवा.

मीराताई, बाजारात ओळखायलाही हीच खूण. नळीच्या माकुलात प्लॅस्टिकच्या पात्यासारखी पारदर्शक काडी निघते, कटलफिशमध्ये हे पांढरं हाड, आणि ऑक्टोपसमध्ये चोचीशिवाय कडक काहीच नाही. पहिल्या दोघांना आठ हात आणि दोन लांब सोंडा, ऑक्टोपसला नुसते आठ हात. तो त्या हातांवर चालतो, दगड धरतो, म्हणून त्यांचं मांस सगळ्या दिशांनी घट्ट विणलेलं. मोठ्या ऑक्टोपसला झटपटचा रस्ता नाहीच, लांबचाच.

मीरा_हिंडलगा
काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. माकुल अर्ध्या तासाच्या आतच मऊ झालं, कटलफिशला पाऊण तास लागला. ऑक्टोपस कुकरमधून काढला तेव्हा टोकांना मऊ, पण हाताच्या बुडाशी सुरी अडत होती. आणखी दहा मिनिटं दिल्यावर आला. तुकडे मात्र आकाराने निम्मे राहिले! आज सासूबाई मागून घेऊन जेवल्या. आता झटपट प्रकार नीट सांगा, मुलांना कुरकुरीत हवंय.

कारवारी_खानावळ
आकार निम्मा होणारच, पाणी निघून जातं. ऑक्टोपस घेताना तेवढा धरूनच घ्यायचा.

झटपटसाठी फक्त माकुल घ्या. साल आणि आतला पातळ पापुद्रा काढा, बोटभर रुंद कडी कापा आणि फडक्याने अगदी कोरडी करा. हे कोरडं करणंच लोक टाळतात. मसाला वेगळा पूर्ण परतून ठेवा. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा आणि अर्धा किलो असेल तर तीन घाण्यांत टाका. सगळं एकदम टाकलंत की कढई थंड पडते, पाणी सुटतं, नि ते भाजण्याऐवजी उकळायला लागतं. काचेसारखा दिसणारा तुकडा पांढरा झाला, कडं फुगलं, की मिनिटा-दीड मिनिटात बाहेर, आणि मसाल्यात घोळवून लगेच वाढा. कढईत पाणी साचलेलं दिसलं तर समजा की वेळ गेली. मग थांबू नका, पाणी घालून लांबच्या रस्त्यालाच लावा.

कटलफिश झटपट करायची तर आतल्या बाजूने सुरीने आडव्या-उभ्या चिरा द्या, नाहीतर जाड तुकडा बाहेरून आकसतो नि आत कच्चा राहतो.

चंदगडी_पाव्हणा
माझं चुलतभावाच्या हॉटेलावरून होतं, तिथे फक्त कडीच तळतात. पण तो आधी कच्ची पपई लावतो, त्याचं काय?

कारवारी_खानावळ
पपई बाहेरचा थर पिठूळ करते आणि आतला तसाच राहतो, म्हणून मी लावत नाही. ऑक्टोपस मात्र मी आधी फ्रीझरमध्ये घट्ट गोठवून मग सोडवतो. बर्फाच्या कणांनी स्नायू फाटतात, थोडा वेळ वाचतो.

अनगोळचा_विनय
आमची आजी पपई लावायची आणि माकुल मस्त व्हायचं. किती वेळ लावायची ते विचारायला हवं होतं. कोणाकडे पक्कं माप आहे का?

मीरा_हिंडलगा
आणि तळलेली कडी डब्यात दिली तर दुपारपर्यंत कशी राहतील?

कारवारी_खानावळ
डब्याला तळलेली नकोच. गार झाली की चिवट, परत गरम केली की आणखी चिवट. डब्यात रश्श्यातली द्या, ती दुसऱ्या दिवशीही तशीच मऊ राहतात.