अण्णांची एक सही सगळ्या वसाहतीला पुरेल का?

पेठेतली_पोर

पीएच.डी.साठी पानशेतच्या पुरात घर गेलेल्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. पर्वतीच्या बाजूच्या एका वसाहतीतल्या ज्येष्ठांना हे पत्र देणार आहे:

‘आदरणीय अण्णांना सा. न. वि. वि. १२ जुलै १९६१च्या पुराच्या, आपल्या वसाहतीतील वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून, अक्षरशः लिहून काढून शैक्षणिक कामासाठी वापरण्याची परवानगी आपण वसाहतीच्या वतीने द्यावी, ही विनंती. सर्वांची नावे बदलली जातील. सोबतच्या कागदावर आपली सही हवी आहे.’

माझ्या मार्गदर्शकांना एवढं पुरेसं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

टाचण

‘वसाहतीच्या वतीने’ हे शब्द आधी काढा. अण्णा तुम्हाला वसाहतीत येऊ देऊ शकतात. शेजारच्या आजींची आठवण ते तुम्हाला देऊ शकत नाहीत, ती त्यांची नाहीच.

मी हे काम बरीच वर्षं करतो आहे, म्हणून एक अनुभव सांगतो. अशाच एका वसाहतीत एका आजींशी बोलत होतो. पहिला तास पाण्याचा. सकाळी ‘धरण फुटलं’ म्हणत माणसं पळत आली, चुलीवर भाकरी तशीच राहिली, सगळं घर कौलांवर चढून बसलं. दुसऱ्या तासात पुरानंतर मिळायच्या खोलीचा विषय निघाला. यादीत नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं, कागदावर अंगठा मात्र चुलतदिरानं दिला आणि खोली तिकडे गेली. त्या दिराची सून आजही त्याच रांगेत राहते.

आम्ही नावं बदलली होती. पण कौलांवर तांब्याचा हंडा कवटाळून बसलेली बाई कोण, हे त्या वसाहतीत शेंबडं पोरही सांगेल. लिहून काढलेलं त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, “हे तुला सांगितलं बाबा, गावाला न्हाई.”

सुरुवातीला त्यांनी होकार दिला होता आणि तो खरा होता. फक्त आपण काय बोलणार आहोत, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणून बोलायची परवानगी आधी, आणि वापरायची परवानगी वाचून दाखवल्यावर. संग्रहात ठेवायचं असेल तर तेही वेगळं विचारायचं. आम्ही आजींच्या बोलण्यातली खोलीबद्दलची अकरा मिनिटं बंद ठेवली. लेखी प्रतीत त्या जागी ‘बोलणाऱ्याच्या इच्छेवरून येथील भाग राखून ठेवला आहे’ अशी ओळ घातली. मूळ फाइलीला हात लावला नाही. वाचून दाखवण्याचा वेळ आधीच धरा. तासाभराचं बोलणं लिहायला मला सहा तास लागतात, आणि ते आजींना वाचून दाखवायला दोन दुपारी गेल्या.

कोर्टाची_पायरी

एवढा घोळ कशाला? स्टँप पेपरवर प्रत्येकाची संमती घ्या, दोन साक्षीदार घ्या. उद्या नातू उठून भांडायला आला तर हातात कागद हवा.

टाचण

प्रत्येकाची वेगळी संमती, हे तुमचं अगदी बरोबर आहे. पण ज्या घराची खोली एका अंगठ्यानं गेली, तिथे स्टँप पेपर काढला की माणूस गप्प होतो. मी साधा कागद नेतो. त्यावर प्रश्न सुटे असतात: आवाज ठेवू का, लिहिलेलं छापू का, नाव घालू का, कोणता भाग वगळू. कागद त्यांना वाचून दाखवतो आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला घेतो. एक प्रत माझ्या फोन नंबरासकट त्यांच्या घरी ठेवतो. नंतर नको वाटलं तर कुणाला फोन करायचा, हे त्यांना कळायला हवं.

कॅसेटवाला_नाना

माझ्याकडे वडिलांच्या आवाजातल्या पुराच्या आठवणींच्या दोन कॅसेट आहेत. आता त्यांवर पांढरं काहीतरी धरलंय. कुठे दुरुस्त करून मिळतील? वडील जाऊन वीस वर्षं झाली.

टाचण

नाना, ती बुरशी असावी. टेपमध्ये घालून वाजवू नका, ती हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही. कोरड्या जागी ठेवा आणि जुन्या फिती साफ करणाऱ्या माणसाकडूनच काम करून घ्या. पण आवाज परत मिळाल्यावर तो बाहेर देण्याआधी भावंडांना ऐकवा. वडिलांना आता विचारता येणार नाही.

तिसरी_पिढी

मी अशाच वसाहतीत वाढले. ‘सर्वांची नावे बदलली जातील’ हे वाक्य मला लागलं. आमच्या आजोबांचं नाव तेव्हाच्या यादीत चुकीचं पडलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला त्यांनी किती हेलपाटे घातले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आता पुस्तकातही त्यांचं नाव खोटंच येणार? हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गावही आहे. नाव बदलायचं की नाही हे आमच्या माणसांना विचारा ना.

टाचण

विचारायलाच हवं. पण ओवीत कुणी शेजाऱ्यावर नाव घेऊन खोली लाटल्याचा आरोप केला, तर तीही सहज छापता येणार नाही. बोलणाऱ्याला स्वतःचं नाव हवं असतं, पण तिच्या बोलण्यात आलेल्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. इथे मी अजून चाचपडतो.

तिसरी_पिढी

म्हणजे ज्याची खोली गेली त्यानंच पुन्हा गप्प बसायचं. मला हे पटत नाही.

दुपारची_वेळ

अण्णांवर एवढा भर का? ते बाजेवर बसले असतील तर सुना-सासवा ‘व्हय, लई पानी आलं’ एवढंच बोलतील. बायकांकडे दुपारी जा, बचत गटातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन. अण्णांना पत्र नाही दिलं तरी चालेल.

पर्वतीचा_पायथा

चालणार नाही. मी वस्तीत राहतो. वही-मोबाइल घेऊन अनोळखी कुणी आलं की लोकांना वाटतं, एसआरएचा सर्व्हे आला. किती वर्षं राहता, खोली कुणाच्या नावावर, हे तुमचेही प्रश्न आणि त्यांचेही. त्या भीतीनं माणसं खोटं सांगतात आणि तुमच्या प्रबंधात तेच छापून येतं. ‘ही घरांची मोजणी नाही, हिचा त्याच्याशी संबंध नाही’ हे अण्णांनी चार जणांसमोर सांगितलं तर दारं उघडतात. पत्रात हे पहिल्याच ओळीत हवं. सही मागू नका. ते पत्र चावडीवर वाचून दाखवा म्हणावं.

कोर्टाची_पायरी

आणखी एक. ‘अक्षरशः’ लिहिणार म्हणजे ‘व्हतं’, ‘न्हाई’ तसंच ठेवणार? लोक हसतील. शुद्ध करून छापा.

तिसरी_पिढी

हसणाऱ्यांसाठी आमच्या आजीनं भाषा बदलायची का? हो, ‘अं, अं’ आणि खोकला गाळा.

टाचण

तेही वाचून दाखवताना विचारतो. एका काकांनी सगळं ‘होतं’ करून घेतलं, शाळामास्तर होते. त्यांच्या बायकोनं ‘व्हतं’च ठेवायला लावलं. दोन्ही तसंच ठेवलं.

पेठेतली_पोर

सगळ्यांचे आभार. पत्र पुन्हा लिहिलंय:

‘आदरणीय अण्णांना सा. न. वि. वि. ही घरांची मोजणी नाही. मला पुराच्या आठवणी ऐकायच्या आहेत. वसाहतीत येऊन ज्यांची इच्छा असेल त्यांना भेटू का, एवढीच आपली परवानगी हवी. बोलायचे की नाही, नाव घालायचे की नाही, हे प्रत्येकाला त्यांच्या घरी विचारेन. लिहिलेले वाचून दाखवल्याशिवाय कुठेही देणार नाही.’

आज फोनवर त्यांना वाचून दाखवलं. खूश झाले. म्हणाले, “ये पोरी. प्रत्येकीच्या घरी मी तुझ्याबरोबर बसतो.” आता त्यांना नको कसं म्हणू?

पर्वतीचा_पायथा

पहिली मुलाखत त्यांचीच घे. तीन-चार दुपारी घे, त्यांना पोटभर बोलू दे. मग विचार, अण्णा, ही फीत तुमच्या सुनांसमोर लावू का?