मदत हवी आहे: वॉकिंग डेड चौथा सीझन, कोण कोणाच्या गटात? माझा तक्ता जुळत नाहीये

वहीवाली
नमस्कार मंडळी. मी वॉकिंग डेड पहिल्यांदाच बघतेय, काल चौथा सीझन संपवला. आधीच सांगते, पाचव्याचं काही बोलू नका प्लीज, अजून सुरू केला नाहीये.

तर झालंय असं की मला पात्रं लक्षात राहत नाहीत म्हणून मी एक वही केलीये, प्रत्येक गटाला एक रंग. तुरुंगवाले निळे, गव्हर्नरचे लाल, बाहेर भेटलेले हिरवे. आठव्या भागापर्यंत मस्त चाललं होतं. मग तुरुंग पडला, सगळे दहा दिशांना पळाले आणि नवव्या भागापासून माझी वही म्हणजे रंगपंचमी झालीये नुसती. डॅरिलच्या नावावर तीन वेळा रंग बदललाय, कागद फाटायला आलाय.

शेवटी टर्मिनसवर सगळ्यांना त्या रेल्वेच्या डब्यात कोंडतात ना, तिथे मी पॉज करून माणसं मोजली. बारा आली. माझ्या वहीत तुरुंगातून जिवंत सुटलेले निळे तेरा आहेत. म्हणजे एकच माणूस कमी असं वाटलं, पण नावं लावायला बसले तर पाच निळे सापडेनात आणि चार जण जास्तीचे निघाले. माझं काय चुकतंय? आणि असा तक्ता ठेवायचा कसा, कोणी ठेवता का?

चहाबिस्किट
एवढं काय त्यात, रिकचा गट म्हणजे आपला गट, बाकी सगळे बाहेरचे. मी तर नावंही लक्षात ठेवत नाही, टोपीवाला मुलगा, तलवारवाली, बाणवाला, झालं. 😄

वहीवाली
@चहाबिस्किट अहो पण टोपीवाल्याचा बाप कुठल्या भागात कुणाबरोबर होता हे कळल्याशिवाय शेवटी तो त्या टोळीवर इतका का चवताळतो तेच कळत नाही ना.

धूळपाटी
तेरा बरोबर आहेत. मी हा सीझन तीनदा बघितलाय, त्यातला दुसरा खंड म्हणजे नऊ ते सोळा भाग तर याच कारणासाठी, त्यामुळे हातासरशी नावं घे.

तुरुंगातून निघताना रिक आणि कार्ल एकत्र, मिशोन एकटी (ती नवव्या भागाच्या शेवटी त्यांच्या दारात येते). डॅरिल आणि बेथ. मॅगी, साशा आणि बॉब. टायरीस, त्याच्याबरोबर लिझी आणि मिका या दोन पोरी आणि कडेवर जुडिथ. आणि ग्लेन. मोज, तेरा झाले. डब्यात यातले आठ आहेत, रिक, कार्ल, मिशोन, डॅरिल, मॅगी, साशा, बॉब, ग्लेन. राहिले पाच. टायरीस आणि जुडिथ अजून वाटेत आहेत. लिझी आणि मिका चौदाव्या भागात गेल्या, तो भाग आठवत असेलच, मला तरी परत बघवत नाही. आणि बेथला तेराव्या भागात ती पांढऱ्या क्रॉसची काळी गाडी घेऊन गेली. हे तुझे न सापडलेले पाच.

जास्तीचे चार म्हणजे टारा, एब्रहॅम, युजीन, रोझिटा. बसमधून पळालेले बाकीचे मोजू नकोस, ती बस मॅगीला दहाव्या भागात सापडते तेव्हा आतले सगळे वॉकर झालेले असतात.

सातारकर
कॅरल पण होती की डब्यात?

धूळपाटी
@सातारकर नाही हो. कॅरल तेरामध्येही नाही. तिला रिकने चौथ्या भागातच गाडी आणि सामान देऊन हाकललं होतं, कॅरन आणि डेव्हिडला मारलं म्हणून. तुरुंग पडला तेव्हा ती तिथे राहत नव्हती. दहाव्या भागात ती रुळांजवळ टायरीसला भेटते, म्हणून आपल्याला वाटतं की ती आधीपासूनच बरोबर होती.

वहीवाली
अरे देवा हो! मी कॅरलला चौथ्या भागात खोडून टाकलं होतं आणि नंतर परत लिहिलंच नाही. मग ती कुठल्या रंगात? रिकने काढली म्हणजे निळी नाही, पण टायरीस तर तिला आपलीच समजतो, आणि गंमत म्हणजे कॅरन त्याचीच मैत्रीण होती आणि चौदाव्या भागात कॅरल स्वतः सांगेपर्यंत त्याला काहीच माहीत नसतं.

गणितशास्त्री
सोपं आहे. स्प्रेडशीट घ्या, एक कॉलम नाव, दुसरा कॉलम गट, त्यात ड्रॉपडाऊन लावा. गट बदलला की ड्रॉपडाऊन बदला. कागद फाटायचा प्रश्नच नाही. मी ऑफिसात स्टाफचं असंच ठेवतो.

धूळपाटी
@गणितशास्त्री स्प्रेडशीट ठीक, पण ड्रॉपडाऊन बदललात की आधीचं पुसलं जातं, आणि इथे आधीचंच तर हवंय. तिच्या वहीत रंगावर रंग चढला तेच तुम्ही कॉम्प्युटरवर करताय. प्रत्येक बदलाला नवी ओळ लिहायची, आधीची खोडायची नाही. डॅरिलचं हे बघा.

```
डॅरिल | बेथबरोबर | भाग ८ ते १३
डॅरिल | जोची टोळी | भाग १३ ते १६
डॅरिल | रिकबरोबर | भाग १६ पासून
```

आणि @वहीवाली, तुझा खरा घोळ हा की एका रंगात तू तीन प्रश्न कोंबलेस. माणूस आत्ता कुणाबरोबर आहे, तो आला कुठून, आणि तो स्वतःला कुणाचा समजतो. सहसा तिन्हींचं उत्तर एकच असतं म्हणून आठव्या भागापर्यंत तुझं भागलं. तुरुंग पडल्यावर ती उत्तरं वेगवेगळी झाली.

डॅरिलचंच बघ. जोच्या टोळीत नियम असा की ज्याने आधी 'माझं' म्हटलं त्याची वस्तू. रात्री गॅरेजमध्ये थांबतात तेव्हा बाकीचे एकेक गाडी 'माझी' करून आत झोपतात आणि डॅरिल सरळ जमिनीवर आडवा होतो. तो त्यांच्याबरोबर आहे, पण त्यांचा नाही. म्हणूनच सोळाव्या भागात रिकला घेरतात तेव्हा तो म्हणतो याला सोडा, पाहिजे तर मला घ्या. वहीत डॅरिलला फक्त जोच्या रंगात रंगवलंस तर हा सीन गद्दारीचा वाटतो, तो तसा नाहीये.

वहीवाली
जमिनीवर झोपलेला सीन मी बघितला पण मला वाटलं गाड्या संपल्या असतील. 🤦‍♀️

आणि एक सांगा, ही जोची टोळी म्हणजे तीच का, अकराव्या भागात रिक पलंगाखाली लपतो तेव्हा घरात घुसतात ते?

धूळपाटी
तीच. त्या घरातून निसटताना रिक बाथरूममध्ये त्यांच्यातला एक मारतो, तिथपासून ते त्याच्या मागावर असतात. डॅरिल त्यांना मिळतो तेव्हा ते ज्याला शोधतायत तो रिक आहे हे त्याला माहीतच नसतं. तुझा 'कुणाबरोबर' हा कॉलम भागानुसार लावलास तर ही दोरी आपोआप दिसेल.

क्लॅनवेडी
हाच प्रॉब्लेम मला द हंड्रेडमध्ये येतो!! तिथे तर गटांना नावंच आहेत, ट्रिक्रू, अझगेडा, स्कायक्रू, बारा क्लॅन आणि वर हे तेरावे. ऑक्टेव्हिया आकाशातून आलेली पण दुसऱ्या सीझनमध्ये ती इंद्राच्या हाताखाली ट्रिक्रूंसारखी लढायला शिकते. ती कुणाची मग? मी तिचं एकटीचं पान केलंय.

वहीवाली
@क्लॅनवेडी मी ती बघितली नाहीये पण एकटीचं पान ही आयडिया आवडली.

सातारकर
दहाव्या भागाबद्दल एक. मी भाग जसे दाखवले त्याच क्रमाने तारखा टाकल्या होत्या आणि सगळं बिनसलं. डॅरिल आणि बेथला रुळांजवळ प्रेतं दिसतात ते आधी दाखवतात, आणि तिथे काय झालं ते नंतर, टायरीसच्या गोष्टीत येतं. म्हणजे टायरीस तिथून गेल्यावर हे दोघे पोचले.

धूळपाटी
@सातारकर अगदी बरोबर, हे मी सांगायचं राहिलंच. दहाव्यात चार वेगवेगळ्या गटांची गोष्ट एकामागून एक लावलीये पण ती घडतेय जवळपास एकाच वेळी. म्हणून भागाचा आकडा म्हणजे दिवस नव्हे. मी भागाचा आकडा ठेवतो पण दोन गट एकाच जागेवरून गेले की तिथे खूण करतो, कोण आधी कोण नंतर. रूळ ही एक जागा. मॅगीने वॉकरच्या रक्ताने ग्लेनसाठी लिहिलेला 'टर्मिनसला ये' हा निरोप ही दुसरी, ती आधी, तो नंतर.

चहाबिस्किट
बाई आता मलाच परत बघायची इच्छा होतेय. ते घड्याळाचं काय होतं, रिक एकदम कुणाचंतरी घड्याळ ओढतो?

धूळपाटी
हर्शेलचं खिशातलं घड्याळ. ते ग्लेनकडे होतं. टर्मिनसच्या माणसाकडे ते दिसतं, दुसऱ्याच्या अंगावर तुरुंगातला दंगलीचा पोशाख दिसतो, आणि रिकला कळतं आपली माणसं इथे येऊन गेलीयेत आणि मर्जीने सामान देऊन गेली नाहीयेत. माणसांइतकंच वस्तूंचंही लिहून ठेवायला हवं या सीझनमध्ये.

कोपऱ्यातला
बेथचं काय होतं ते पाचव्यात कळेलच, ती ज्या हॉस्पि

वहीवाली
अहो थांबा!! पहिल्याच ओळीत लिहिलं होतं ना!

कोपऱ्यातला
सॉरी सॉरी, अर्धंच लिहिलं. विसरा.

वहीवाली
विसरते कशी आता, 'हॉस्पि'वरून कळलंच की. असो. आज बसून नवी वही केली, तीन कॉलम. 'आला कुठून' मध्ये साशा आणि टायरीसपाशी अडकले कारण ते तिसऱ्या सीझनमध्ये आधी तुरुंगात आले, रिकने घालवलं, मग वुडबरीत गेले आणि शेवटी परत तुरुंगात. तीन ओळी लिहिल्या, न खोडता.

पण टाराचं जमत नाहीये. आली गव्हर्नरच्या बाजूने, तुरुंगावर चाल करून आलेल्यांतलीच, आता ग्लेनबरोबर डब्यात. स्वतःला कुणाची समजते?

धूळपाटी
माझ्या मते ग्लेनची. त्याला मॅगीपर्यंत पोचवायचं हे तिने स्वतःवर घेतलंय, मनावर ओझं आहे म्हणून.

सातारकर
ओझं आहे म्हणून बरोबर राहणं वेगळं आणि आपलं समजणं वेगळं. मी तिथे रिकामं ठेवलंय.

गणितशास्त्री
ड्रॉपडाऊनमध्ये 'अनिश्चित' टाका.

वहीवाली
पेन्सिलने लिहिते.