चॅपल घेऊन स्वतःचेच पत्ते बाद करण्यात खरंच फायदा आहे का?

श्रीरंग
महिनाभर घरी डॉमिनियन हा आपली गड्डी बनवत जायचा पत्त्यांचा खेळ खेळतोय. माझी धाकटी बहीण सुरुवातीलाच चॅपल हा एका वेळी हातातले चारपर्यंत पत्ते बाद करणारा पत्ता घेते आणि कॉपर, इस्टेट काढत सुटते. तेवढ्या वेळात मी सिल्व्हर घेत असतो. तरी बहुतेक वेळा तीच जिंकते. पत्ते विकत घेण्याच्या खेळात असलेले पत्ते घालवून माणूस पुढे कसा जातो? वर इस्टेटचे तीन गुणही जातात. माझ्या मते हा नशिबाचा भाग आहे. ज्यांना उलट वाटतं त्यांनी पटवून द्या.

मनवा
नशीब नाही. खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे सात कॉपर आणि तीन इस्टेट असतात. दहा पत्त्यांत सात कॉइन, म्हणजे पाच पत्त्यांच्या हातात सरासरी साडेतीन. गुणांचा मुख्य पत्ता प्रॉव्हिन्स, त्याला आठ लागतात. म्हणजे हातातल्या प्रत्येक पत्त्याने सरासरी 1.6 कॉइन द्यायला हवेत. इस्टेट शून्य देते, कॉपर एक. दोन्ही त्या रेषेच्या खालीच आहेत. कॉपरही तुम्हाला खाली ओढतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, कारण त्याच्यावर नाणं छापलेलं असतं.

आता फक्त तीन इस्टेट काढा, काहीही विकत घेऊ नका. सात पत्ते, सात कॉइन, हातात पाच. उलट इस्टेट तशाच ठेवून प्रत्येकी दोन कॉइन देणारी दोन सिल्व्हर घेतलीत तर बारा पत्त्यांत अकरा कॉइन, हातात साडेचार-पावणेपाच. दोन सिल्व्हरना सहा कॉइन मोजून जे मिळालं, त्यापेक्षा जास्त फुकट काढून टाकण्यात मिळालं.

राजेंद्र
हिशोब बरोबर आहे, पण अर्धाच. ज्या पाळीत चॅपल खेळता त्या पाळीत हातातले चार पत्ते जातात, मग खरेदी कशाने करणार? ती पाळी वाया गेली. समोरचा त्यात सिल्व्हर किंवा गोल्ड घेऊन बसतो. मी चॅपल घेऊन लागोपाठ दोन डाव हरलोय. चॅपल हा दोन कॉइनचा स्वस्त मोह आहे असं माझं स्पष्ट मत. सिल्व्हर घ्या, जास्त पत्ते उचलायला एक स्मिदी घ्या, पैसा वाढवत राहा.

दीपाली
आमच्याकडे तर काहीच फरक पडला नाही. चॅपलने चार पत्ते टाकले, दोन पाळ्यांनी तेच परत हातात. मग वेगळं काय झालं?

मनवा
दीपालीताई, तुम्ही ते पत्ते आपल्या टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात ठेवले असणार. तो ढीग पिसून पुन्हा तुमच्याच गड्डीत येतो. चॅपलने काढलेले पत्ते मध्ये ठेवलेल्या ट्रॅशमध्ये जातात आणि तुमच्याकडे परत येत नाहीत. एवढा बदल करून एक डाव खेळून बघा.

ओंकार
राजेंद्रजी, सोपं आहे. गड्डी जितकी लहान तितकं चांगलं. चॅपल हातात आलं की जे असेल ते सगळं बाद करायचं, मागेपुढे बघायचं नाही. सहा-सात पत्ते उरले की रोज तेच चांगले पत्ते हातात येतात. मी असाच खेळतो.

मनवा
ओंकार, पहिलं वाक्य ठीक आहे, दुसऱ्यावर माझा आक्षेप आहे. गेल्या रविवारचा माझाच डाव सांगते. राजेंद्रजींच्या ‘वाया गेलेल्या पाळी’चं उत्तरही त्यातच आहे.

पहिल्या दोन पाळ्यांत मी सिल्व्हर आणि चॅपल घेतलं. बारा पत्ते झाले. तिसऱ्या पाळीला हातात आले चॅपल, दोन इस्टेट, दोन कॉपर. चारही बाद केले आणि खरेदी शून्य. राजेंद्रजी म्हणतात ती वाया गेलेली पाळी हीच. चौथ्या पाळीला सिल्व्हर, तीन कॉपर आणि उरलेली इस्टेट आली. पाच कॉइन, त्यात लॅबोरेटरी घेतली, म्हणजे दोन पत्ते उचला आणि वर एक ॲक्शन. गड्डीत उरले दोनच पत्ते, दोन्ही कॉपर. ते उचलले, बाकीचे सात पिसले आणि वरून तीन घेतले. पाचव्या पाळीचा हात झाला दोन कॉपर, चॅपल, इस्टेट, सिल्व्हर.

खरा प्रश्न इथे येतो. ओंकार इथे इस्टेट आणि दोन्ही कॉपर काढेल. मग हातात दोन कॉइन, खरेदी नाही, आणि पूर्ण गड्डीत सहा पत्ते: तीन कॉपर, सिल्व्हर, चॅपल, लॅबोरेटरी. पुढच्या पाळीला लॅबोरेटरीने सगळेच्या सगळे पत्ते हातात येतील आणि तरी पाचच कॉइन होतील. गड्डी सुंदर दिसते, पण सहा कॉइनचं गोल्ड घेण्याइतका पैसाच तिच्यात शिल्लक नाही.

दुसरा माणूस घाबरून फक्त इस्टेट काढेल, चार कॉइन ठेवेल आणि सिल्व्हर घेईल. पण सिल्व्हर तीनला मिळते! चौथं कॉइन काहीच करत नाही, आणि त्या डावात चार कॉइनचं काही मला नको होतं. म्हणून मी इस्टेट आणि एकच कॉपर काढलं, उरलेल्या तीन कॉइनची सिल्व्हर घेतली. आठ पत्ते, आठ कॉइन. सहाव्या पाळीला वरच्या चार पत्त्यांत तीन कॉपर आणि लॅबोरेटरी होतीच. उरलेल्या चारांपैकी (चॅपल, कॉपर, दोन सिल्व्हर) तीन दिसणार होते. त्यातलं कुठलंही एक मागे राहिलं तरी कमीत कमी सहा कॉइन. गोल्ड पक्कं होतं, पत्ते उचलायच्या आधीच.

माझी पद्धत एवढीच. चॅपल हातात आलं की आधी ठरवायचं, या पाळीला मला काय घ्यायचंय. तेवढे कॉइन बाजूला ठेवायचे आणि उरलेलं सगळं काढायचं. आणि घेण्यासारखं काही नसेलच तर चारही काढायचे, तिसऱ्या पाळीसारखे.

श्रीरंग
हे मी आत्ता पत्ते मांडून बघितलं. फक्त इस्टेट काढली असती तर सहाव्या पाळीला कधीकधी पाचवरच अडकतो, म्हणजे तुमच्या निवडीपेक्षा वाईटच. मला वाटायचं जास्त पत्ते ठेवले की सुरक्षित. पण तीन गुणांचं काय?

मनवा
दोघांच्या डावात प्रॉव्हिन्स आठ असतात, एकीचे सहा गुण. पाच तुमच्याकडे आणि तीन तिच्याकडे गेल्या तर तीस विरुद्ध अठरा. तीन इस्टेट तिथे काही वाचवत नाहीत. चार-चार वाटल्या गेल्या तर मात्र इस्टेट आणि डची हे गुणांचे पत्तेही मोजावे लागतात, हे खरं. पण तोपर्यंत त्या इस्टेट तुमच्या हातात पंधरा पाळ्या जागा अडवून बसलेल्या असतात. गुण हवेच असतील तर शेवटच्या दोन पाळ्यांत डची घ्या, ती तेव्हा पुन्हा हातात येण्याआधी डाव संपतो.

आणि मला याहून मोठा वाटतो तो फायदा पिसण्याचा. दहा पत्त्यांची गड्डी दर दोन पाळ्यांनी पिसली जाते, वीस पत्त्यांची दर चार. मी घेतलेलं गोल्ड दोन पाळ्यांत एकदा वापरते, तुम्ही तेच गोल्ड चारांत एकदा. किंमत दोघांनी सहाच मोजली.

राजेंद्र
मान्य, इतकं बारीक कधी बघितलं नव्हतं. पण माझे ते दोन डाव सांगतो. एका डावात चॅपल पहिल्या पिसण्यात तळाला गेलं आणि पाचव्या पाळीला हातात आलं. दुसऱ्यात वेळेवर आलं, गड्डी छान बारीक झाली, पण पहिल्या दोन प्रॉव्हिन्स घेतल्यावर घसरगुंडी झाली. आठ-दहा पत्त्यांच्या गड्डीत दोन निरुपयोगी, फक्त गुण देणारे हिरवे पत्ते म्हणजे पाचवा हिस्सा. वर चॅपलही तेव्हा निरुपयोगी. माझ्या सिल्व्हरच्या वीस पत्त्यांच्या गड्डीला दोन प्रॉव्हिन्स जाणवतही नाहीत.

मनवा
पहिल्या डावात खरंच नशीब होतं. बारा पत्त्यांतल्या शेवटच्या दोनांत चॅपल जाण्याची शक्यता सहात एक, तेवढं सोसावं लागतं. दुसऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे आणि मलाही ते सुरुवातीला भोवलंय. चॅपल स्वतःला काढू शकत नाही, कारण ते हातातून खेळून समोर ठेवलेलं असतं. म्हणून पहिली प्रॉव्हिन्स घेण्याची घाई करू नये. सहाव्या पाळीला आठ कॉइन आले तरी मी गोल्डच घेते. दोन-तीन गोल्ड आणि दोन लॅबोरेटरी आल्यावर हिरवे पत्ते पेलतात, कारण लॅबोरेटरी त्यांच्यावरून पुढे ओढत नेते. एकदा हिरवे घ्यायला लागलात की थांबायचं नाही. तुमचा डाव कितव्या पाळीला घसरला?

राजेंद्र
सातव्या-आठव्याला. म्हणजे घाई झाली असेल.

तन्मय
मी स्ले द स्पायर खेळतो, कॉम्प्युटरवर. तिथेही हेच, सुरुवातीचे स्ट्राइक हे साध्या हल्ल्याचे पत्ते काढत जायचे. पण दुकानात पहिला पत्ता काढायला 75 सोनं लागतं आणि प्रत्येक वेळी 25 ने वाढतं. त्यामुळे मी दोन-तीनच काढतो, त्यातच पैसे संपतात. तुमचं चॅपल दोन कॉइनला एका फटक्यात चार काढतं, हे मला जरा जास्तच वाटतं.

मनवा
जास्त आहेच. म्हणून चॅपल नसेल त्या डावात गणित बदलतं. मनीलेंडर एका वेळी एक कॉपर काढतो, पण त्या बदल्यात तीन कॉइन देतो, म्हणजे पाळी वाया जात नाही. चाल संथ, पण राजेंद्रजींना तो आवडेल.

वसुधा
एक बाजू कोणीच मांडली नाही. बाजारात गार्डन्स असतील तर? दर दहा पत्त्यांमागे एक गुण, चार कॉइनला. मी वर्कशॉप हा फुकट पत्ता मिळवून देणारा पत्ता घेऊन दर पाळीला काहीतरी उचलते, कॉपरसुद्धा, आणि चाळीस पत्त्यांना पोचले की एकेक गार्डन्स चार गुणांची. तीन ढीग संपवले की डाव बंद. समोरचा चॅपलवाला तोवर पत्ते काढत बसलेला असतो. त्याच्या पहिल्या गोल्डच्या वेळी माझ्याकडे तीन गार्डन्स असतात. तिथे बारीक गड्डी म्हणजे सरळ तोटा.

मनवा
गार्डन्स दिसल्या तर मीही चॅपल घेताना दोनदा विचार करते. पण माझा अनुभव असा की चॅपलवाल्याने मधेच दोन-तीन गार्डन्स स्वतः उचलल्या तर तुमचा ढीग लवकर संपतो आणि तुमच्या हाती गुण कमी लागतात. त्याची गड्डी लहान असल्याने त्याला त्या एक-दोन गुणांच्याच, पण तुमच्या चाराच्या गेल्या.

वसुधा
ते त्याने वेळेवर केलं तर. गार्डन्स घेतली की त्याच्या दहा पत्त्यांत आणखी एक निरुपयोगी पत्ता वाढतो, राजेंद्रजी म्हणाले तीच अडचण. दोघांच्या डावात मी अजून गार्डन्सवरच पैज लावेन.

श्रीरंग
आज रात्री बहिणीबरोबर बसतोय. बाजारात चॅपल आणि गार्डन्स दोन्ही मांडतो. मी चॅपल घेणार, तिला गार्डन्स घ्यायला लावतो. उद्या इथेच पाळीवार लिहितो.