तुटक मेसेजवर उत्तर देणाऱ्या स्क्रिप्ट तपासायच्या आहेत, नमुने कसे जमवावेत?

रतीबवाली
नमस्कार मंडळी. डोंबिवली-ठाणे पट्ट्यात आमचा घरपोच दुधाचा रतीब आहे. गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर कळवतात आणि आम्ही तिघांनी पायथनमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट उत्तरं देतात. एक खाडा मांडते, एक माप कमी-जास्त करते, एक तक्रार घेते, एक महिन्याचा हिशेब सांगते. रात्री दहापर्यंत आलेला निरोप दुसऱ्या दिवशीच्या पहाटेला लागू. साडेतीनला गाडी भरते.

"उद्या दूध नको आहे" असं कोणी सरळ लिहिलं तर सगळं छान चालतं. पण तसं लिहितंय कोण? येतं ते `nko`, `2 nako 1`, नुसतं "दीड", नुसतं `?`, नाहीतर `udya`, `nako`, `mhanje parva` असे तीन वेगळे मेसेज. एकजण एक नियम सुधारतो आणि दुसऱ्याचा बिघडतो. म्हणून अशा तुटक मेसेजचा एक ठरलेला संच करायचा आहे, प्रत्येक बदलानंतर चालवून बघायला. त्यात काय घ्यावं, किती घ्यावं, आणि बरोबर उत्तर कोणतं हे कसं ठरवावं?

शाळूमामा
ताई, माझ्याकडे तयार मजकूर आहेत. "आपला निरोप मिळाला, धन्यवाद. लवकरच कळवतो." दिवाळीच्या शुभेच्छांचेही आहेत. पाठवू का?

रतीबवाली
मामा, आभार, पण आम्ही पाठवायचे मजकूर नकोत. गिऱ्हाईक काय काय लिहील त्याचे नमुने हवेत.

खटपट्या
सोपं आहे. वीस-पंचवीस सरळ वाक्यं घ्या आणि स्क्रिप्टने त्यातली अक्षरं गाळा, शब्द तोडा, जागा काढून टाका. `udya nako` पासून `uya nko`, `udyanako`, `uda nak`. तासाभरात हजारो नमुने तयार. हाताने जमवत बसलात तर दिवाळी उजाडेल.

जुना टेस्टर
खटपट्या, `udyanako` खरंच येतं, `nko` आणि `nk` पण येतात. पण `uda nak` कोण लिहितं? माणसं अक्षरं वाट्टेल तशी गाळत नाहीत. स्वर खातात, `aahe` चं `ahe` किंवा `ae` करतात, `nahi` चं `nai`. यंत्राने पाडलेल्या हजार नमुन्यांत नऊशे असे निघतील की जे कधीच येणार नाहीत, आणि टीम त्यांच्यासाठी नियम लिहीत बसेल. गळती करायचीच तर खऱ्या चॅटमध्ये दिसलेल्या सवयींपुरती करा.

ताई, त्याहून महत्त्वाचं म्हणजे नमुना म्हणजे नुसता मेसेज नव्हे. `1` घ्या. स्क्रिप्टने आधी "१ खाडा, २ माप बदल" असं विचारलं असेल तर तो पर्याय आहे. "किती लिटर?" विचारलं असेल तर ते माप आहे. काहीच विचारलं नसेल तर कोणालाच कळणार नाही. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत वेळ, स्क्रिप्टचं आधीचं वाक्य आणि लागोपाठ आलेले मेसेज एकत्र ठेवा. असं:

```
{"at": "2025-01-14 00:20", "bot_last": "",
 "msgs": ["udya nako"],
 "expect": "ask", "never": ["skip"]}
```

`expect` मध्ये उत्तराचा मजकूर लिहू नका, नाहीतर कोणी "नोंद झाली" चं "नोंदवलं" केलं की अर्धा संच लाल होईल. वागणं लिहा. चारच पुरतात: काम करणं, एकच प्रश्न विचारणं, माणसाकडे सोपवणं, गप्प बसणं. शेवटचं लोक विसरतात. "नोंद झाली" वर गिऱ्हाइकाने `ok` किंवा 👍 पाठवलं तर त्यावर काहीही न बोलणं हेच शहाणपण. आणि गिऱ्हाईक दुकानदार असेल तर त्याच्याकडूनही आपोआप "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद" येतं. त्यावर तुमची स्क्रिप्ट बोलली की दोन स्क्रिप्ट रात्रभर एकमेकींचे आभार मानत बसतात. तो नमुना घ्याच.

`never` मध्ये जे कधीच होता कामा नये ते लिहायचं. खरी राखण तिथेच आहे.

रतीबवाली
हे आवडलं. पण वरच्या नमुन्यात `udya nako` वर प्रश्न का? शब्द तर स्वच्छ आहेत.

जुना टेस्टर
वेळ बघा, रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं. तारीख १४ लागली आहे, पण लिहिणारा अजून झोपलेला नाही, त्याच्या लेखी १३ चीच रात्र चालू आहे. त्याचा "उद्या" बहुधा १४ ची पहाट. स्क्रिप्ट मात्र घड्याळ बघून १५ चा खाडा मांडणार. मग १४ ला पिशवी दारात येते, घराला कुलूप, दूध नासतं. आणि १५ ला तो परत आलेला असतो तर दूध नाही. एका मेसेजवर दोन तक्रारी.

शिवाय १४ ची वेळ रात्री दहालाच संपली आहे. म्हणून स्क्रिप्टने म्हणावं, "आज १४ तारखेची गाडी ठरून गेली. १५ ला नको ना?" वार-तारीख उच्चारून विचारणं हाच उपाय. हाच मेसेज संध्याकाळी सातला आला तर सरळ खाडा. संचात दोन्ही ठेवा, शब्द तेच आणि वेळ वेगळी. तीच गोष्ट `aaj nako` ची, रात्री आठला आलेलं आणि पहाटे साडेपाचला आलेलं.

पणजीकर
आमच्याकडे गोव्यात पावाची घरपोच ऑर्डर आहे. लोक मराठी, कोंकणी, इंग्रजी सगळं एकाच मेसेजात लिहितात. `faleam naka` म्हणजे उद्या नको. मी `naka` चा नियम घातला, तो छान चालतो. ठाण्याला वापरून बघा.

रतीबवाली
अहो, ठाण्यात `naka` म्हटलं की निम्मे लोक पत्ता सांगत असतात! `teen hath naka javal thamba`. आणि `band karu naka` म्हणजे तर रतीब चालू ठेवा. पण नमुने म्हणून तिन्ही उचलते.

त्यावरून आठवलं, आमच्याकडे हिंदी बोलणारी गिऱ्हाइकंही बरीच आहेत. `kal nahi` आलं की आमचे तिघे तीन गोष्टी सांगतात.

जुना टेस्टर
हा तर हिऱ्यासारखा नमुना आहे. मराठी माणूस लिहितो तेव्हा काल दूध आलं नाही ही तक्रार. हिंदीवाला लिहितो तेव्हा उद्या नको. एकात पैसे वजा करायचे, दुसऱ्यात खाडा मांडायचा, आणि रोमन लिपीत काना दिसत नाही. त्या नंबरवरून आधीचे मेसेज कोणत्या भाषेत आले ते बघता येतं, पण घरात सासू मराठीत लिहिते आणि मुलगा हिंदीत, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. `expect: ask`, आणि `never` मध्ये दोन्ही कामं.

तुमचे तिघे तीन गोष्टी सांगतात ना, तोच पट्टा लावा. प्रत्येक नमुना दोघांना वेगवेगळा बघायला द्या, एकमेकांना न विचारता. दोघांचं जमलं तर काम करणं हे उत्तर. नाही जमलं तर वाद घालू नका, प्रश्न विचारणं हेच बरोबर उत्तर. ज्यांचा रोजचा धंदा आहे त्यांनाच अर्थ लागत नसेल तर स्क्रिप्टने तरी का ठामपणा दाखवावा?

खटपट्या
मग स्क्रिप्ट प्रत्येकालाच प्रश्न विचारील आणि संच हिरवागार. कशाला लिहायच्या मग स्क्रिप्ट?

जुना टेस्टर
बरोबर बोललास. म्हणून गुण दोन रकान्यांत मोजायचे. चुकीचं काम केलं ते एका रकान्यात, आणि स्पष्ट असताना उगाच विचारलं ते दुसऱ्यात. दोन्ही मिळून एक टक्केवारी काढू नका. पहिल्यात शून्यच हवं, कारण चुकून रतीब बंद झाला तर गिऱ्हाईक जातं. दुसऱ्यात थोडं चालतं, पण तो आकडा वाढायला लागला की नियम फार भित्रे झाले असं समजायचं.

किती नमुने? दीडशेपासून सुरुवात करा. अर्धे जसे येतात त्या प्रमाणात, अर्धे क्वचित येणारे पण महाग पडणारे. नुसते प्रमाणात घेतले तर `ok` आणि `hi` चाच ढीग होईल. आणि तीस-चाळीस वेगळे कोणाकडे तरी राखून ठेवा, नियम लिहिणाऱ्यांना दाखवू नका. नाहीतर ते नियम लिहिणार नाहीत, संच पाठ करतील. चॅटमधून उचलताना नाव, नंबर, फ्लॅट नंबर काढून टाका. "बी विंग ३०२" च्या जागी दुसरी खोटी विंग चालते.

रतीबवाली
पहिले साठ चालवले. रोमनमधले ठीक आहेत, पण देवनागरीत एक भलतंच दिसतंय. "उद्या नको" सापडतच नाही, आणि "गाड्यांना बंदी आहे, मागच्या गेटने या" वर स्क्रिप्ट विचारते, "रतीब बंद करायचा का?"

जुना टेस्टर
नियमात `\b` वापरलं असणार. हे चालवून बघा:

```python
import re
re.search(r'\bनको\b', 'उद्या नको')          # None
re.search(r'\bबंद\b', 'गाड्यांना बंदी आहे')   # सापडतो
```

पायथनचं `re` काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दातलं अक्षर मानत नाही. "नको" च्या शेवटी मात्रा आहे, म्हणून तिथे शब्द संपला हे त्याला कळत नाही. "बंदी" त मात्र द नंतरच शब्द संपला असं त्याला वाटतं. म्हणून नाही, नको, हो हे नेमके रोजचे शब्द निसटतात. `\b` काढा, मेसेज जागेवर तोडा, कडेची विरामचिन्हं झटका आणि अख्खा शब्द जुळवा. संचात प्रत्येक महत्त्वाचा शब्द दोन्ही लिप्यांत ठेवा म्हणजे असलं लगेच उघडं पडतं. "२" आणि "2" दोन्ही, आणि दीड, अडीच, `half`, `adha` सुद्धा.

शाळूमामा
आता समजलं काय चाललंय. आमच्याकडे `gavi` एवढंच येतं. म्हणजे गावी गेलेत. कधी येणार ते सांगतच नाहीत.

रतीबवाली
मामा, हा घेतला! खाडा उद्यापासून मांडायचा आणि परतीची तारीख विचारायची. का आधी विचारायचं?

खटपट्या
आधी विचारा. तो एसटीत असेल, रेंज नसेल, उत्तर येणार नाही, पण निदान चूक तुमची नाही.

रतीबवाली
उत्तर आलं नाही तर पहाटे साडेतीनला गाडीत पिशवी ठेवायची की नाही, हे कोणीतरी ठरवायलाच हवं ना. माझ्या मते ठेवू नये. आमचा गाडीवाला म्हणतो ठेवावी, कारण शेजारी घेतात.

जुना टेस्टर
`gavi` वर मी तुमच्या बाजूने, तिथे हेतू स्पष्ट आहे. बारा-वीसच्या `udya nako` वर मी गाडीवाल्याच्या बाजूने, ठरलेली पिशवी जाऊ द्यावी. पण हा धंद्याचा निर्णय झाला. आधी तो तुमच्यात ठरवा. मग "प्रश्न विचारला, साडेतीनपर्यंत उत्तर नाही" असे वेगळे नमुने लिहा, त्यांत `msgs` रिकामं ठेवून.